उलटा वाचलेला रिपोर्ट

"ताई, दीड महिन्याचं होतं, ते पडलं. नंतर टॉर्च टेस्ट केली. त्यात एक पॉझिटिव्ह आलंय. रुबेला तेवढं निगेटिव्ह आहे, नशीब. सासूबाई म्हणतात रक्तातच दोष आहे. आधी त्या पॉझिटिव्हचा इलाज करून घ्यायचा का? तोपर्यंत दिवस राहिले तर बाळ नीट होईल ना?"

शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, पण हा प्रश्न मला महिन्यातून तीन-चारदा तरी ऐकू येतो. अमळनेरच्या एका प्रसूतिगृहात मी आठवड्यातले तीन दिवस समुपदेशक म्हणून बसते. पारोळा, चोपडा, धरणगाव, शिरपूर अशा चारी बाजूंनी बायका येतात. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत फाइल, फाइलमध्ये हा टॉर्चचा रिपोर्ट, म्हणजे पोटातल्या बाळाला बाधू शकणाऱ्या टोक्सो, रुबेला, सीएमव्ही अशा संसर्गांच्या खुणा रक्तात शोधणारी तपासणी. गंमत अशी, की दहातल्या आठ जणी तो उलटा वाचून आलेल्या असतात. ज्याची काळजी करायला हवी त्याबद्दल हायसं वाटलेलं असतं आणि ज्याबद्दल निश्चिंत असायला हवं त्याच्या भीतीने झोप उडालेली असते.

मनीषाची गोष्ट सांगते. नाव बदललंय. वय पंचवीस, गाव चोपड्याकडचं, नवरा केळीच्या गाड्या भरण्याचा ठेका घेतो. ती आली फेब्रुवारी 2024 मध्ये, नवरा आणि सासू यांच्यासोबत. मी ज्या पठडीत शिकले तिथे एक सवय लावतात: कोण बोलतंय त्याआधी फाइल कोणाच्या हातात आहे ते बघायचं. फाइल सासूच्या मांडीवर होती आणि मनीषा दाराजवळच्या खुर्चीत. रिपोर्टवर नवऱ्याने लाल पेनाने एक गोल केला होता. 'सीएमव्ही आयजीजी' या ओळीपुढे 'पॉझिटिव्ह' ठळक अक्षरांत छापलेलं होतं, त्याभोवती. रुबेलाच्या आयजीजीपुढे 2.1 असा आकडा आणि साध्या अक्षरांत 'निगेटिव्ह'. त्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं.

पहिल्या भेटीत मी चुकले, ते आधीच कबूल करते. मी कागदावर चित्र काढलं. हा विषाणू, हा शरीराचा शिपाई, ताजा शिपाई म्हणजे आयजीएम, जुना शिपाई म्हणजे आयजीजी. चित्र छान आलं होतं. तिघांनी माना डोलावल्या. पंधरा दिवसांनी मनीषा एकटीच परत आली आणि पहिलाच प्रश्न तोच: "मग ताई, त्या पॉझिटिव्हच्या गोळ्या कधी सुरू करायच्या?" दरम्यान कुणीतरी तिला 'टॉर्चची ट्रीटमेंट' म्हणून महिनाभराच्या गोळ्या सुचवल्या होत्या. डॉक्टर मॅडमनी त्या घेऊ नकोस म्हणून स्पष्ट सांगितलं, तेव्हा घरात वेगळाच अर्थ निघाला. इलाज नाही, म्हणजे दोष मोठा आहे.

त्या रात्री मी विचार करत बसले. प्रसूतिगृहात येण्याआधी अकरा वर्षं मी ग्रामीण रुग्णालयातल्या एचआयव्ही तपासणी केंद्रात समुपदेशक होते. 'पॉझिटिव्ह' हा शब्द उच्चारण्याआधी दार लावून घ्यायचं, पाण्याचा पेला पुढे ठेवायचा, असं मीच नव्या मुलींना शिकवत असे. नंतर करोना आला आणि त्या शब्दाची भीती अख्ख्या गावाला बसली. पॉझिटिव्ह म्हणजे वाईट, निगेटिव्ह म्हणजे सुटलो. हा अर्थ आमच्या माणसांच्या डोक्यात कोरला गेला, आणि कोरणाऱ्यांत मीही होते. मनीषाला रक्तातले शिपाई समजावण्यात अर्थ नव्हता, कारण तिला अडवत होता तो एक शब्द. तो शब्द बाजूला ठेवल्याशिवाय पुढे जाता येणार नव्हतं.

पुढच्या भेटीला मी सासूला मुद्दाम बोलावलं. साठीच्या बाई, कपाळावर आणि गालांवर देवीचे व्रण. पहिल्या भेटीतही ते माझ्यासमोरच होते, पण मी चित्र काढण्यात गुंतले होते.

"मावशी, देवी केव्हा आली होती तुम्हाला?"

"लहान व्हतू. पाच-सा वरीसनी. माय म्हने वाचस का मरस."

"परत आली का कधी?"

त्या माझ्याकडे वेड्यासारख्या बघायला लागल्या. "एकदाव व्हयी गई की परत कशी ई?"

"म्हणजे हा व्रण बघून कुणी म्हणालं, की मावशीला देवीचा आजार आहे, गोळ्या द्या, तर?"

मावशी हसल्या. नवराही हसला. मग मी फाइल मनीषाच्या हातात दिली आणि म्हटलं, "हे आयजीजी म्हणजे रक्तातला व्रण आहे. आजार येऊन गेला, किंवा लस घेतली, की ही खूण राहते. तू वाच. कुठल्या ओळीत खूण आहे, कुठल्या ओळीत नाही?"

तिने बोट ठेवत ठेवत वाचलं. सीएमव्हीपुढे खूण आहे. रुबेलापुढे... ती थांबली. तिच्याआधी मावशीच बोलल्या. "म्हंजे त्या रुबेलानी हिना रगतमा खूनच नही. हाऊच वांधा शे!"

मी इतकी वर्षं या कामात आहे. एखादी गोष्ट एवढ्या नेमक्या शब्दांत कुणी माझ्या तोंडावर परत टाकल्याचे प्रसंग मोजकेच. मी तो कागद फाडला नाही की टेबलावर हात आपटला नाही, पण मनातून तसंच वाटलं. नवऱ्याने खिशातून पेन काढलं आणि न सांगता रुबेलाच्या ओळीभोवती नवा गोल केला. मनीषा मात्र रडायला लागली. मला वाटलं, आता ही नवीन भीती. तसं नव्हतं. ती म्हणाली, "म्हणजे माझ्या रक्तात दोष नव्हता?"

नव्हता. त्या दीड महिन्याच्या गर्भाचा आणि त्या लाल गोलाचा काही संबंध नव्हता. लक्षात आलेल्या दर शंभर गर्भांतले दहा ते पंधरा सुरुवातीच्या महिन्यांतच जातात आणि त्यातल्या निम्म्याच्या आसपास गर्भांत जुळणीच्या वेळीच गुणसूत्रांची गडबड झालेली असते. एकदा गर्भ पडला म्हणून टॉर्चची सगळी यादी तपासण्याने कारण सापडत नाही. सापडतो तो बहुतेक वेळा जुना व्रण. सीएमव्हीची खूण तर आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या बायकांच्या रक्तात असतेच, कारण तो विषाणू लहान मुलांच्या लाळेतून आणि लघवीतून पसरतो आणि आपली घरं लहान मुलांनी भरलेली असतात. आयजीएम, म्हणजे ताज्या संसर्गाची खूण, मनीषाच्या रिपोर्टात सगळीकडे निगेटिव्ह होती. ती पॉझिटिव्ह आली असती तरी एका रिपोर्टावर घाबरायचं नसतं. ती खोटीही येते, शिवाय काही जणींत महिनोन्महिने रेंगाळते. अशा वेळी डॉक्टर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त घेतात किंवा 'एव्हिडिटी' नावाची आणखी एक तपासणी करतात. खूण जुनी की नवी, ते त्यावरून कळतं.

आता रुबेला. आपल्याकडे त्याला जर्मन गोवर म्हणतात, पण खरं तर त्याला आपल्या बोलीत धड नावच नाही, आणि हाच त्याचा धोका. लहान मुलाला होतो तेव्हा थोडा ताप, चेहऱ्यापासून खाली पसरणारं फिकट पुरळ, कानामागे गाठी, आणि तीन दिवसांत सगळं गायब. घामोळं समजून कुणी पावडर लावतं, कुणी अ‍ॅलर्जी म्हणतं. निम्म्यांच्या आसपास माणसांना तर काहीच जाणवत नाही. म्हणून "मला लहानपणी झाला होता" किंवा "नव्हता" या आठवणीवर रुबेलाबाबत विसंबता येत नाही. कांजिण्यांचं उलट आहे. पाण्याचे फोड, लिंबाचा पाला, नाकावर राहिलेला खड्डा, हे आई विसरत नाही. मनीषाच्या आईने फोनवर सांगितलं, "तिसरीत होती, अख्खा चैत्र निजून काढला." कांजिण्यांसाठी डॉक्टर मॅडमना ती आठवण पुरली. रुबेलासाठी रक्ताचा आकडा लागला. तो दहाच्या वर असता तर संरक्षण आहे असं बहुतेक प्रयोगशाळा धरतात. हिचा दोन.

हा आजार आईला काही करत नाही. पोटातल्या बाळाला करतो. 1941 मध्ये सिडनीच्या नॉर्मन ग्रेग नावाच्या नेत्रतज्ज्ञाकडे जन्मतः मोतीबिंदू असलेली बाळं एकामागून एक यायला लागली. सांगतात की त्याच्या दवाखान्याबाहेर बसलेल्या आया आपापसात बोलत होत्या, "मलाही दिवस असताना तो जर्मन गोवर झाला होता", आणि ते त्याच्या कानावर पडलं. मला ही गोष्ट फार आवडते. प्रतीक्षा कक्षातल्या बायकांच्या गप्पा ऐकणारा डॉक्टर! मोतीबिंदूबरोबर हृदयातले दोष आणि बहिरेपणही येतो, एकटं एकटं किंवा एकत्र.

किती धोका, ते दिवसांवर ठरतं. पहिल्या बारा आठवड्यांत आईला संसर्ग झाला तर दहातल्या आठ-नऊ बाळांना इजा होऊ शकते. पुढच्या महिनाभरात हा धोका झपाट्याने उतरतो आणि राहतो तो मुख्यतः कानांवर. वीस आठवड्यांनंतर इजा क्वचित. म्हणजे सगळा खेळ पहिल्या तीन महिन्यांचा, आणि त्यातले पहिले पाच-सहा आठवडे तर पाळी चुकली की उशिरा आली याच्या घोळातच जातात. तोवर बाळाचं हृदय, डोळे, कान घडायला लागलेले असतात. "दिवस राहिले की काळजी घेऊ" हे इथे चालत नाही, ते एवढ्यासाठी. आणि "पुरळवाल्या पोरांपासून लांब राहीन" हेही नाही. रुबेला झालेलं मूल पुरळ उठण्याआधी सात दिवसांपासून विषाणू पसरवत असतं. पुरळ नसलेल्या मुलापासून लांब कसं राहणार?

मावशींचा पुढचा प्रश्न रास्त होता. मनीषाच्या माहेरच्यांनी तर सगळ्या लसी दिल्या होत्या, कार्ड पेटीत जपून ठेवलंय. मग खूण कशी नाही?

कारण ती 1999 ची. त्या काळी सरकारी लसीकरणात नवव्या महिन्याला गोवरची लस मिळायची. तीत रुबेला नव्हता. गोवर आणि रुबेला अशी एकत्र लस, जिला आपण एमआर म्हणतो, ती मोठ्या मोहिमेतून महाराष्ट्रात आली नोव्हेंबर 2018 मध्ये. शाळाशाळांत नऊ महिने ते पंधरा वर्षं वयाच्या मुलामुलींना ती दिली गेली. मनीषाचा भाऊ तेव्हा तेरा वर्षांचा, त्याला वर्गात रांगेत उभं करून टोचली. मनीषा एकोणीसची. तिच्या मागची बहीण सोळाची, एका वर्षाने हुकली. आज ज्या मुली चोवीस, सत्तावीस, तीस वर्षांच्या आहेत आणि घरी नवीन पाळणा हलण्याची वाट बघतायत, त्यांच्यातल्या बऱ्याच जणी या दोन लसींच्या मधल्या फटीत सापडल्यात. भावाला संरक्षण आहे आणि जिच्या पोटी बाळ राहणार तिला नाही! मी हे सांगते तेव्हा घरातले पुरुष आधी गप्प होतात.

उपाय सोपा आहे: लसीचा एक डोस. पण वेळ सांभाळावी लागते, कारण ही जिवंत, पण दुबळ्या केलेल्या विषाणूची लस आहे. ती गरोदरपणात देत नाहीत, आणि दिल्यावर एक महिना, मोजून अठ्ठावीस दिवस, गर्भ राहू द्यायचा नाही. मनीषाच्या नवऱ्याला गावातल्या एका ओळखीच्याने तीन महिने थांबायला सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं, जुनं होतं. पूर्वी नियम तीन महिन्यांचाच होता. 2001 मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने तो अठ्ठावीस दिवसांवर आणला, आणि आता सर्वसाधारणपणे महिनाच पाळतात. सासरी 'काही आहे का' विचारणाऱ्या घरात एक महिना आणि तीन महिने यातला फरक केवढा असतो, हे सांगायला मी समुपदेशक असायची गरज नाही.

मी म्हटलं, "पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी या, म्हणजे दिवस नाहीत याची खात्री आपोआप होते. मग महिनाभर निरोध वापरा." नवरा खाली बघायला लागला. सासूसमोर निरोध! मी चुकीच्या माणसासमोर बरोबर बोलले होते. खोलीत एक चमत्कारिक शांतता पसरली आणि ती मावशींनीच मोडली. त्या बोटांवर काहीतरी मोजत होत्या.

"पाडवाले सुई लेवो. आखाजीले मोकयी."

मी कॅलेंडर काढलं. गुढीपाडवा चैत्र शुद्ध प्रतिपदेला, आखाजी वैशाख शुद्ध तृतीयेला. मध्ये एक पूर्ण चांद्रमास आणि वर दोन दिवस. अठ्ठावीस दिवस त्यात सहज बसतात, दरवर्षी बसतात. आणि आखाजीला खान्देशात सासुरवाशिणी माहेरी जातातच, झोके बांधतात, गाणी म्हणतात. मावशींनी निरोधाचा शब्द न उच्चारता सगळी सोय लावून टाकली. पोरीला आखाजीसाठी यंदा लवकर माहेरी पाठवायचं. मी हे वाक्य नंतर कितीतरी घरांत वापरलंय. निरोधाचं बोलणं मात्र मी सोडलं नाही, नवऱ्याला बाहेर बाकावर बसवून वेगळं केलं, कारण जावई काय आखाजीला सासरी येत नाहीत?

त्या वर्षी पाडवा नऊ एप्रिलला होता. मनीषाची पाळी अकराला आली, लस बाराला घेतली, आणि अठ्ठावीस दिवस भरले दहा मेला, बरोबर आखाजीच्या दिवशी.

लस घेतली त्याचाही एक बारीकसा किस्सा. सरकारी केंद्रातली एमआर बालकांसाठी असते. मोठ्या बाईला सहसा खासगीत एमएमआर घ्यावी लागते. तिच्यात गालगुंडाची लसही असते, त्याने काही बिघडत नाही. नवऱ्याने ती आदल्या दिवशीच मेडिकलमधून घेऊन घरी न्यायचं ठरवलं होतं, "सकाळी घाई नको" म्हणून. एप्रिलमधलं चोपडा, बेचाळीस-त्रेचाळीस अंश, आणि शीशी सदऱ्याच्या खिशात! ही लस दोन ते आठ अंशांत ठेवायची असते, उन्हात आणि उजेडात विषाणू मरतो, आणि मेलेल्या लसीने खूण उमटत नाही. टोचणारा आणि टोचून घेणारी, दोघांनाही ते कळत नाही, हेच वाईट. म्हणून आमच्याकडे लस दवाखान्याच्या फ्रिजमध्येच येते, आणि पावडरमध्ये पाणी मिसळल्यावर लगेच टोचतात. तुम्ही घ्याल तेव्हा एवढं बघा, की सिस्टर शीशी फ्रिजमधून काढतेय आणि तुमच्यासमोर मिसळतेय.

आणि जिथे रक्ततपासणी करायला पैसे नाहीत किंवा प्रयोगशाळा लांब आहे, तिथे? दिवस नाहीत याची खात्री असली तर तपासणीशिवायही लस देता येते. आधीच खूण असलेल्या बाईला ती मिळाली तरी अपाय नाही. धडगाव, अक्कलकुव्याकडून आलेल्या बायकांना मी हे आवर्जून सांगते. एका रिपोर्टासाठी नंदुरबारला दोन चकरा मारण्यात पाळीचा महिना निघून जातो.

बाराव्या दिवशी माहेरून फोन. "ताई, बोटांची पेरं दुखतायत, सकाळी मूठ आवळत नाही. तो रुबेला झाला का मला?" मोठ्या बायकांत लसीनंतर एक ते तीन आठवड्यांत सांधे दुखणं बऱ्याचदा होतं, लहान मुलांत फारसं नाही. थोडं अंग तापतं, क्वचित पुरळही दिसतं. काही दिवसांत ओसरतं. दुखणं थांबलं नाही किंवा सांधा सुजला तर दाखवायला ये, म्हटलं. चार दिवसांनी तिने झोक्यावरचा फोटो पाठवला, दोर घट्ट धरलेला.

दुसरा फोन जास्त महत्त्वाचा होता. जेठाणीचं मूल सोळा महिन्यांचं, त्याचा एमआरचा दुसरा डोस आला होता आणि घरच्यांनी तो थांबवला होता. मनीषाला आता कधीही दिवस राहतील, पोराच्या अंगातली लस तिला बाधली तर? माया होती ती, पण बाधणारी. लस दिलेल्या मुलाकडून रुबेलाच्या लसीचा विषाणू दुसऱ्याला लागत नाही. उलट ज्या घरात गरोदर बाई आहे त्या घरातलं प्रत्येक मूल टोचलेलं असणं, हीच तिच्याभोवतीची भिंत. आशाताई दुसऱ्या दिवशी पोराला घेऊन गेली.

त्या जेठाणीच्याच पोराबद्दल मी मनीषाला आणखी एक सांगितलं होतं. सीएमव्हीला लस नाही. जुनी खूण असली की धोका कमी होतो, पण शून्य होत नाही. म्हणून दिवस राहिल्यावर पोराचं लाळेरं तोंड पुसलं, चड्डी बदलली, की साबणाने हात धुवायचे. त्याचा उष्टा चमचा आपल्या तोंडात घालायचा नाही. टोक्सो या परजीवी जंतूची खूण तिच्या रक्तात नव्हती, तीही मिळवायची नाही. मटण पुरतं शिजवायचं, शेतातून आणलेली मेथी-कोथिंबीर माती जाईपर्यंत धुवायची आणि मांजराची घाण दुसऱ्याने काढायची. हे सगळं दोन मिनिटांत सांगून होतं आणि बायका ते पाळतात, कारण त्यात कुणाला गुन्हेगार ठरवायचं नसतं. टॉर्चच्या यादीपेक्षा एक साधी, स्वस्त तपासणी मला जास्त मोलाची वाटते: सिफिलिसची. गरोदरपणात नाव नोंदवताना सरकारी दवाखान्यात ती होते. तिथे पॉझिटिव्ह आलं तर मात्र तातडीने नीट बघावं लागतं, आणि पेनिसिलिनने आई आणि बाळ दोघांना वाचवता येतं. तिथे व्रणाचा दाखला लावून शांत बसू नका.

लसीच्या महिन्यातच दिवस राहिले तर? मनीषाचं तसं झालं नाही, पण तिच्या आधीच्या वर्षी एक आली होती, धुळ्याकडची. लस घेऊन सोळा दिवस, आणि नंतर कळलं की लस घेतली तेव्हाच गर्भ होता. नणंदेने गर्भपाताची तारीखही ठरवलेली. अशा बायकांच्या नोंदी अमेरिकेत 1971 ते 1989 पर्यंत ठेवल्या गेल्या. पुढे ब्राझील, कोस्टा रिका इथल्या मोठ्या मोहिमांत दिवस असल्याचं माहीत नसताना हजारो बायकांना ही लस टोचली गेली. लसीमुळे जन्मजात रुबेलाची लक्षणं झालेलं एकही बाळ त्यांत नोंदलं गेलेलं नाही. महिना थांबणं ही खबरदारी आहे. ती मोडली म्हणून गर्भ पाडायचा नसतो. डॉक्टर मॅडमनी तेच सांगितलं, मी फक्त नणंदेशी बोलले. तो सव्वा तास माझ्या कामातला सगळ्यात अवघड सव्वा तास होता.

आणि ज्यांना दिवस राहिल्यावरच कळतं की रुबेलाची खूण नाही, त्यांना तेव्हा लस मिळत नाही. त्यांनी पुरळवाल्या माणसाशी संबंध आला तर लगेच डॉक्टरांना सांगायचं, म्हणजे रक्त वेळेत तपासता येतं. लस घ्यायची बाळंत झाल्यावर, घरी जाण्याआधी. अंगावर पाजत असताना ती चालते. पुढच्या बाळासाठी.

मनीषाला ऑगस्टमध्ये दिवस राहिले. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, सगळं सरळ गेलं.

सांगण्यासारखं आहे ते तिच्या धाकट्या बहिणीबद्दल. बावीस वर्षांची, जळगावला वसतिगृहात राहून शिकते, लग्न ठरायचं. मी मनीषालाच म्हटलं होतं, तिलाही आत्ताच लस दे, लग्नाच्या धावपळीत आणि नंतरच्या घाईत महिना सापडत नाही. आई भडकली. "पोरीचं लग्न नाही अन् गर्भाची सुई? लोक काय म्हणतील?" आईचंही चूक नव्हतं. 'गर्भधारणेपूर्वीची लस' हे नाव आम्हीच दिलंय, आणि ते नाव घेऊन बिनलग्नाच्या मुलीला दवाखान्यात नेणं गावात सोपं नाही.

मी दोन दिवस त्या नावाशी झटत राहिले. मग आईला फोन केला आणि विचारलं, धाकट्याला शाळेत गोवर-रुबेलाची सुई दिली होती ना? दिली होती. तेव्हा ही किती वर्षांची होती? सोळा. "मग तिची राहिलीच की, माई. शाळेतली राहिलेली सुई आहे, एवढंच."

दिवाळीच्या सुट्टीत बहीण घरी आली तेव्हा आईने स्वतःच तिला दवाखान्यात आणलं, आणि येताना पेटीतलं कार्ड घेऊन आली. 2002 चं, घड्यांवर फाटलेलं, सेलोटेप लावलेलं. सिस्टरने ते उलगडलं आणि गोवरच्या रकान्याखाली, जिथे छापील असं काहीच नव्हतं, तिथे पेनाने एक नवी रेघ ओढून लसीचं नाव आणि तारीख लिहिली.